सोया दूध, थायरॉइडची गोळी आणि बहिणीचा कर्करोग

प्रश्न : मी ४७ वर्षांची आहे. हायपोथायरॉइडसाठी सहा वर्षांपासून ५० मायक्रोग्रॅमची थायरॉक्सिनची गोळी घेते. दूध पचत नाही म्हणून सात-आठ महिन्यांपूर्वी पाकिटातले सोया दूध सुरू केले. सकाळी गोळी घेतली की त्यापाठोपाठ एक पेला, संध्याकाळी दुसरा. माझा टीएसएच २.६ असायचा, तो आता ८.४ आला. मोठ्या बहिणीला तीन वर्षांपूर्वी स्तनाचा कर्करोग झाला, तो हार्मोन पॉझिटिव्ह होता. ती लेट्रोझोल घेते. माझे पाहून तिनेही सोया दूध आणि सोयाबीनच्या वड्यांची भाजी सुरू केली. आता कुटुंबाच्या ग्रुपवर मेसेज फिरतो आहे की सोयामध्ये बायकांचे हार्मोन असते, त्याने थायरॉइड बंद पडतो आणि कॅन्सर उलटतो. बहीण घाबरली आहे आणि माझ्यावर रागावलीही आहे. माझ्या मुलीचा टीएसएच ६.१ आहे, तिला अजून गोळी सुरू नाही. आम्ही तिघींनी सोया बंद करावे का? — एक वाचक, लातूर

उत्तर : नमस्कार ताई. आपला टीएसएच वाढला याचे सर्वांत संभाव्य कारण सोया दूध नसून, गोळी आणि दूध यांच्यात अंतर न राहणे हे आहे. आपल्या बहिणीने आहारातून घेतलेल्या सोयामुळे तिचा आजार उलटेल, असे माणसांवरील एकाही मोठ्या अभ्यासात दिसलेले नाही; उलट दिशेचे संकेत मात्र मिळाले आहेत. तिने आपल्यावर रागावण्याचे कारण नाही, हे तिला आपण निःशंकपणे सांगू शकता. आपल्या मुलीबाबत थोडी देखरेख हवी, मनाई नको. तिघींची उत्तरे वेगळी असल्यामुळे मी ती वेगवेगळी देतो.

आधी आपली गोळी. थायरॉक्सिनची गोळी रिकाम्या पोटी घेतली तरी तिच्यातील साधारण ६० ते ८० टक्केच औषध लहान आतड्यातून रक्तात जाते. पोटात अन्न असले की हे प्रमाण खाली येते. सोयातील प्रथिने या औषधाला आतड्यात धरून ठेवतात आणि त्याचा काही भाग रक्तात न जाता शौचावाटे बाहेर पडतो. हे प्रथम ठळकपणे लक्षात आले ते तान्ह्या बाळांमध्ये. जन्मतःच थायरॉइड कमी असलेल्या ज्या बाळांना सोयाचे पावडरचे दूध दिले जात होते, त्यांचा टीएसएच इतर बाळांच्या तुलनेत उशिरा खाली आला आणि काहींना औषधाचा डोस वाढवावा लागला. पुढे प्रौढांमध्येही अशी उदाहरणे नोंदली गेली, आणि गोळी व सोया यांच्यात अंतर ठेवल्यावर त्यांची पातळी पूर्ववत झाली. आपल्या पेल्यात आणखी एक गोष्ट असण्याची शक्यता आहे. पाकिटातील बऱ्याच सोया दुधात वरून कॅल्शियम घातलेले असते, आणि कॅल्शियमही थायरॉक्सिनचे शोषण कमी करते. पाकिटावरच्या घटकांच्या यादीत कॅल्शियम कार्बोनेट किंवा कॅल्शियम फॉस्फेट लिहिले आहे का, ते पाहा. म्हणजे गोळीपाठोपाठ तो पेला घेताना आपण तिच्या वाटेत दोन अडथळे एकदम ठेवत होता.

२.६ वरून ८.४ हा आकडा पाहून ग्रंथी झपाट्याने बिघडत असल्याची भीती वाटणे स्वाभाविक आहे. परंतु टीएसएच हे थायरॉइडचे हार्मोन नव्हे. रक्तातील थायरॉक्सिन कमी वाटू लागले की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएचच्या रूपाने थायरॉइडला तगादा लावते, आणि ती अतिशय संवेदनशील असल्यामुळे थायरॉक्सिन थोडेसे घसरले तरी टीएसएच दुप्पट-तिप्पट होतो. त्यामुळे रोज गोळीचा एक हिस्सा वाया जाणे एवढ्यानेही असा आकडा सहज येऊ शकतो. ग्रंथी नव्याने खराब झालीच असली पाहिजे, असे या एका तपासणीवरून म्हणता येत नाही.

आता हे पारखून कसे घ्यायचे ते सांगतो, कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते. सोया बंद करणे, गोळीची वेळ बदलणे आणि डोस वाढवणे अशा तीन गोष्टी एकाच आठवड्यात केल्या, तर पुढच्या तपासणीत टीएसएच सुधारला तरी तो कशामुळे सुधारला हे कळणार नाही, आणि सोयावरचा आळ कायम राहील. म्हणून एकच गोष्ट बदला. सकाळी उठल्याबरोबर गोळी साध्या पाण्याबरोबर घ्या आणि त्यानंतर निदान एक तास चहा-कॉफीसुद्धा घेऊ नका. सकाळचा सोया दुधाचा पेला न्याहारीतून काढून गोळीनंतर चार तासांनी, म्हणजे साधारण अकराच्या सुमारास घ्या. संध्याकाळचा पेला आहे तिथेच राहू द्या. कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी चालू असेल तर तीही दुपारच्या जेवणाबरोबर न्या. सकाळी हे जमणार नसेल तर रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांनी, झोपताना गोळी घेण्याचा पर्याय आहे, मात्र मग रात्री उशिरा दूध नको. दिवसभरातले सोयाचे एकूण प्रमाण तेच ठेवा.

असे सहा ते आठ आठवडे करून त्याच प्रयोगशाळेत टीएसएच आणि फ्री टी-४, म्हणजे रक्तातील मोकळे थायरॉक्सिन, तपासा, आणि त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर घ्या. थायरॉक्सिन शरीरातून निम्मे होण्यास सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे कोणताही बदल रक्तात स्थिरावण्यास पाच-सहा आठवडे लागतात. दोन आठवड्यांत केलेली तपासणी अर्धवट चित्र दाखवील आणि आपण विनाकारण निराश व्हाल. टीएसएच पुन्हा जुन्या पातळीच्या आसपास आला, तर कारण सापडले असे समजा. सोया दूधही चालू आणि गोळीही तीच. तो वरच राहिला, तर आपले डॉक्टर डोस १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमने वाढवतील, कारण वयानुसार आणि मूळ आजारामुळे ग्रंथीचे काम हळूहळू कमी होणे हेही सामान्य आहे. हा सर्व बेत त्यांना आधी सांगा. हृदयाचा आजार असेल, किंवा थकवा, सूज, थंडी सहन न होणे अशी लक्षणे वाढत असतील, तर सहा आठवडे थांबायचे की नाही हे त्यांनी ठरवायचे आहे.

डोस आधी वाढवू नये, असे मी आग्रहाने म्हणतो. समजा, गोळी आणि दूध एकत्रच ठेवून डोस ७५ केला आणि टीएसएच बरोबर आला. नंतर प्रवासात किंवा कंटाळा येऊन आपण सोया दूध सोडले, की तीच ७५ ची गोळी जास्त शोषली जाईल आणि थायरॉक्सिन अति होईल. धडधड, झोप न लागणे, हात थरथरणे ही त्याची तत्काळ लक्षणे. रजोनिवृत्तीच्या वयात ते दीर्घकाळ चालले तर हाडेही ठिसूळ होतात. सोयाचे प्रमाण आणि वेळ रोज सारखी ठेवणे हे सोया पूर्ण टाळण्यापेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

सोयाने थायरॉइड बंद पडतो, हा समज निराधार कल्पनेतून आलेला नाही, आणि म्हणूनच त्याचे मूळ समजून घेणे योग्य ठरेल. या गोष्टीची सुरुवात भारतातही झाली आहे. तमिळनाडूतील कुन्नूर येथे आहारावर संशोधन करणाऱ्या रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी १९३३ मध्ये सोयाबीन आणि भुईमूग यांच्या गलगंडकारक परिणामाविषयी निबंध प्रसिद्ध केला होता. त्यानंतर १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत सोयाच्या पिठापासून केलेल्या दुधावर वाढवलेल्या काही बाळांना गलगंड झाला. त्या दुधात आयोडीन घातले जाऊ लागले आणि पिठाऐवजी शुद्ध केलेली सोया प्रथिने वापरली जाऊ लागली, तशा या तक्रारी थांबल्या. सोयाचे खाणे तेच, पण आयोडीन मिळताच गलगंड नाही, हे या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण आहे.

त्यामागची यंत्रणा १९९७ मध्ये अमेरिकेतील डॅनियल डोअर्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परीक्षानळीत दाखवली. थायरॉइड ग्रंथी आयोडीन वापरून हार्मोन तयार करते आणि हे काम थायरॉइड परॉक्सिडेज नावाचे विकर करते. सोयामधील जेनिस्टीन आणि डेडझीन या आयसोफ्लेव्होनमुळे या विकराचे काम मंदावते. पण भोवती आयोडीन पुरेसे असेल तर आयसोफ्लेव्होन स्वतःच ते आयोडीन स्वीकारून बाजूला होतात आणि विकर पुन्हा कामाला लागते. पुढे उंदरांवर पाहिले, तर विकराची क्षमता बरीच घटूनही त्यांच्या रक्तातील टी-३, टी-४ ही थायरॉइडची हार्मोन आणि टीएसएच जागच्या जागी राहिले, म्हणजे निरोगी ग्रंथीकडे पुरेशी राखीव क्षमता असते. माणसांवरच्या १८ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात टी-३ आणि टी-४ वर सोयाचा काहीच परिणाम आढळला नाही. टीएसएचमध्ये सुमारे ०.२५ इतकी किरकोळ वाढ दिसली. आपल्या टीएसएचमध्ये जवळपास ६ ची वाढ झाली आहे. एवढ्या फरकाचा दोष आयसोफ्लेव्होनवर टाकता येत नाही, हे या दोन आकड्यांवरूनच लक्षात येईल.

इथे मला आपल्याला एक प्रश्न विचारायचा आहे : घरात मीठ कोणते वापरता? गेल्या काही वर्षांत अनेक घरांत आरोग्यासाठी म्हणून साध्या आयोडीनयुक्त मिठाऐवजी सैंधव किंवा गुलाबी मीठ आले आहे. त्यात बहुधा आयोडीन घातलेले नसते. त्याच घरात गाई-म्हशीचे दूध बंद होऊन सोया दूध आले, तर आयोडीनचा दुसरा स्रोतही जातो, कारण सोया दुधात ते नगण्य असते. प्रौढ माणसाला रोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते आणि आपल्याकडे किरकोळ विक्रीच्या मिठात ते प्रतिकिलो किमान १५ मिलिग्रॅम असावे असा नियम आहे. सोया आणि आयोडीनची कमतरता हे दोन्ही एकत्र आले, तरच त्या जुन्या गलगंडाच्या कथेला काही अर्थ उरतो. आपण स्वतः थायरॉक्सिन तयार स्वरूपात गोळीतून घेत असल्यामुळे आपल्याला याचा फरक कमी पडेल. पण आपल्या मुलीची ग्रंथी अजून स्वतःच हार्मोन तयार करते, त्यामुळे तिच्यासाठी मिठाची पिशवी नक्की तपासा. उलट टोकाला जाऊन आयोडीनच्या किंवा समुद्री शेवाळाच्या गोळ्या मात्र देऊ नका. अति आयोडीननेही थायरॉइड बिघडतो.

मुलीसारख्या, म्हणजे टीएसएच किंचित वाढलेला पण टी-४ प्राकृत असलेल्या रुग्णांवर इंग्लंडमधील हल येथे दोन चाचण्या झाल्या आहेत, आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. २०११ च्या पहिल्या चाचणीत ६० रुग्णांना आळीपाळीने आठ-आठ आठवडे सोया प्रथिनांची पावडर दिली गेली. एकदा तीत फक्त २ मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन होते, एकदा १६ मिलिग्रॅम. १६ मिलिग्रॅम चालू असताना सहा स्त्रियांचा आजार पूर्ण हायपोथायरॉइडमध्ये गेला. त्याच गटाने २०१८ मध्ये ४४ रुग्णांवर चौपट मात्रेने, ६६ मिलिग्रॅमने, पुन्हा चाचणी केली. आयसोफ्लेव्होन खरोखर ग्रंथीला दुबळे करत असते, तर या वेळी परिणाम अधिक ठळक दिसायला हवा होता, परंतु थायरॉइडच्या तपासण्यांवर काहीच परिणाम दिसला नाही. पहिल्या चाचणीतील सहा स्त्रियांकडे मी दुर्लक्ष करणार नाही, पण त्यांच्या आधारे सोयाला बंदीही घालणार नाही. आपल्या मुलीची अँटी-टीपीओ अँटिबॉडी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉइडवर हल्ला करत असल्याची खूण, तपासून घ्या. ती वाढलेली असेल तर सोया असो वा नसो, पुढे गोळी लागण्याची शक्यता अधिक असते. आयोडीनयुक्त मीठ चालू ठेवून तिने रोज एक पेला सोया दूध घेण्यास हरकत नाही, आणि तीन महिन्यांनी टीएसएच व फ्री टी-४ पुन्हा पाहावे. ती गर्भधारणेचा विचार करत असेल, तर मात्र तीन महिने न थांबता आधीच डॉक्टरांना भेटावे, कारण त्या काळात टीएसएचची मर्यादा अधिक कडक असते.

आता आपल्या बहिणीकडे वळतो. त्यांची भीती सर्वांत खोल आहे आणि तिच्यामागेही एक खरे संशोधन आहे. आयसोफ्लेव्होनची रेणुरचना स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेनशी मिळतीजुळती असते, त्यामुळे ते पेशींमधील इस्ट्रोजेनच्या ग्राहकांना, म्हणजे ते हार्मोन पकडणाऱ्या रेणूंना, जाऊन चिकटू शकतात. सोयामध्ये बायकांचे हार्मोन असते, हे विधान यातूनच निघाले; पण ते चुकीचे आहे. इस्ट्रोजेनचे ग्राहक दोन प्रकारचे असतात, अल्फा आणि बीटा. स्तनाच्या गाठीची वाढ मुख्यतः अल्फा ग्राहकामुळे होते, तर जेनिस्टीनचा ओढा बीटाकडे अधिक असतो, आणि अल्फावर त्याची पकड शरीरातील इस्ट्रोजेनपेक्षा कितीतरी दुबळी असते.

तरीही १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात विल्यम हेल्फरिक यांच्या गटाने केलेल्या प्रयोगांनी डॉक्टरांना सावध केले. त्यांनी प्रतिकारशक्ती नसलेल्या, अंडाशय काढून टाकलेल्या उंदरांच्या माद्यांमध्ये मानवी स्तनकर्करोगाच्या पेशी रुजवल्या आणि त्यांना जेनिस्टीन खायला दिले. गाठी वाढल्या. अंडाशय काढलेली मादी म्हणजे इस्ट्रोजेन जवळजवळ नसलेले शरीर, आणि लेट्रोझोल घेणाऱ्या आपल्या बहिणीचीही अवस्था तशीच आहे. औषधाचा हेतूच तो आहे. म्हणून या प्रयोगाची दखल घेणे तेव्हा रास्त होते, आणि अनेक कर्करोगतज्ज्ञांनी रुग्णांना सोया टाळायला सांगितले ते त्यामुळेच. आजही तसे सांगणारे डॉक्टर भेटतात. ते बेजबाबदार नाहीत, त्यांचा सल्ला त्या काळातील माहितीवर उभा आहे.

पण त्याच प्रयोगशाळेने पुढे आणखी एक गोष्ट दाखवली, जी मेसेजमध्ये कधी येत नाही. जेनिस्टीनचे प्रमाण सारखे ठेवून एका गटाला शुद्ध जेनिस्टीन आणि दुसऱ्याला सोयाचे पीठ दिले, तेव्हा शुद्ध जेनिस्टीनने गाठी वाढल्या आणि पिठाने वाढल्या नाहीत. शिवाय उंदीर आणि माणूस जेनिस्टीनचे पचन सारखे करत नाहीत. माणसाचे आतडे आणि यकृत जवळजवळ सगळे जेनिस्टीन दुसऱ्या रेणूला जोडून निष्क्रिय करून टाकतात. उंदराच्या रक्तात त्याचा मोकळा, क्रियाशील अंश बराच अधिक राहतो. त्यामुळे माणसांत काय होते हे माणसांकडे पाहूनच ठरवावे लागते.

तसे मोठ्या प्रमाणावर पाहिले गेले शांघायमध्ये. २००२ ते २००६ या काळात स्तनाच्या कर्करोगाचे निदान झालेल्या ५,०४२ स्त्रियांचा आहार नोंदवून त्यांचा सुमारे चार वर्षे पाठपुरावा करण्यात आला आणि २००९ च्या डिसेंबरमध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सर्वांत कमी सोया खाणाऱ्या चौथ्या हिश्श्यातील स्त्रियांपैकी ११.२ टक्क्यांचा आजार चार वर्षांत उलटला. सर्वांत जास्त सोया खाणाऱ्या, म्हणजे रोज १५ ग्रॅमांहून अधिक सोया प्रथिने घेणाऱ्या हिश्श्यात हे प्रमाण ८ टक्के होते. मृत्यूचे प्रमाण अनुक्रमे १०.३ आणि ७.४ टक्के होते. गाठ हार्मोन पॉझिटिव्ह असो वा निगेटिव्ह, इस्ट्रोजेनला अडवणारे टॅमॉक्सिफेन हे औषध चालू असो वा नसो, चित्र तेच राहिले. १५ ग्रॅम सोया प्रथिने म्हणजे साधारण दोन पेले सोया दूध, हे लक्षात घेतले की आपल्या घरातील प्रमाण या अभ्यासाच्या कक्षेतच बसते, हे दिसते.

यावर एक योग्य आक्षेप असा घेता येतो की शांघायच्या स्त्रिया लहानपणापासून सोया खातात, त्यांचे शरीर त्याला सरावलेले असते. आपल्यासारखी माणसे पन्नाशीत सुरू करतात. त्याचे अंशतः उत्तर २०१२ च्या एकत्रित विश्लेषणात मिळते. त्यात चीन आणि अमेरिका मिळून ९,५१४ रुग्ण स्त्रिया होत्या. रोज १० मिलिग्रॅम किंवा अधिक आयसोफ्लेव्होन घेणाऱ्यांमध्ये, ४ मिलिग्रॅमपेक्षा कमी घेणाऱ्यांच्या तुलनेत, आजार उलटण्याचा धोका २५ टक्क्यांनी कमी होता, आणि अमेरिकी स्त्रियांमध्येही अपाय आढळला नाही. आपल्या बहिणीच्या औषधाला सर्वांत जवळचा पुरावा मात्र २०१० मध्ये चीनमधील हार्बिन येथून आला. तेथील ५२४ रुग्णांपैकी ज्या रजोनिवृत्त स्त्रिया लेट्रोझोलच्याच वर्गातील ॲनास्ट्रोझोल घेत होत्या, त्यांच्यातही जास्त सोया खाणाऱ्यांचा आजार कमी वेळा उलटला. उंदरांच्या प्रयोगातून जी भीती निघाली, तिची खरी परीक्षा अशाच स्त्रियांमध्ये होते, आणि तिथे ती खरी ठरली नाही.

यावरून सोया हे कर्करोगावरचे औषध आहे, असे मात्र कोणी समजू नये. हे सर्व अभ्यास स्त्रिया आपापल्या मर्जीने जे खात होत्या त्याच्या निरीक्षणाचे आहेत. सोया खाणाऱ्या स्त्रिया कदाचित अधिक भाज्या खात असतील, अधिक चालत असतील. संशोधकांनी त्याचा हिशेब केला असला तरी तो पूर्ण होत नाही. म्हणून फायदा होतो असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. आहारातील सोयाने अपाय होत नाही, हे मात्र वेगवेगळ्या देशांतील आकडे एकाच दिशेने सांगतात, आणि अमेरिकन कॅन्सर सोसायटीनेही आहारातील सोया सुरक्षित असल्याचेच म्हटले आहे.

आता प्रमाणाविषयी. २०० ते २५० मिलिलिटरच्या एका पेल्यात साधारण २० ते २५ मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन असतात; दाणा कोणता आणि पाणी किती यावर ते कमी-जास्त होते, विशेषतः घरी दाणे भिजवून, वाटून, उकळून केलेल्या दुधात. सोयाबीनच्या वड्या तेल काढलेल्या पिठाच्या असल्यामुळे अधिक तीव्र असतात : एका माणसाच्या भाजीला लागणाऱ्या ३० ग्रॅम कोरड्या वड्यांत ४० ते ५० मिलिग्रॅम भरतात. म्हणून ज्या दिवशी वड्यांची भाजी असेल त्या दिवशी दुधाचा एकच पेला पुरे, असा साधा नियम बहिणीने ठेवावा. सोयाबीनच्या तेलात आयसोफ्लेव्होन जवळजवळ नसतात, त्यामुळे घरात ते तेल वापरत असाल तर त्याची चिंता नको.

कॅप्सूलची गोष्ट वेगळी आहे. लेट्रोझोलमुळे अंगाची आग होते, घाम फुटतो, आणि त्यावर नैसर्गिक उपाय म्हणून सोया आयसोफ्लेव्होनच्या गोळ्या औषधांच्या दुकानात सहज मिळतात. आपल्या बहिणीने त्या घेऊ नयेत. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये अशा गोळ्यांचा आढावा घेऊन रजोनिवृत्त स्त्रियांमध्ये स्तन, गर्भाशय किंवा थायरॉइडवर अपाय आढळला नाही असे म्हटले, पण तो निष्कर्ष इस्ट्रोजेनशी निगडित कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रियांसाठी नाही. न्यूयॉर्कमध्ये नव्याने निदान झालेल्या १४० स्त्रियांना शस्त्रक्रियेपूर्वी काही दिवस सोया प्रथिनांची पावडर किंवा तशीच दिसणारी दुधाची पावडर दिली गेली होती. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत गाठीतील पेशींच्या वाढीचा वेग बदलला नाही, परंतु ज्यांच्या रक्तात जेनिस्टीन खूप वाढले, त्यांच्यापैकी काहींच्या गाठीत वाढीशी संबंधित जनुके अधिक सक्रिय झालेली आढळली. एवढ्यावरून वाटीभर भाजीला घाबरायचे कारण नाही. पण एकवटलेली मात्रा रोज गिळण्याची जोखीम या आजारात कशासाठी घ्यायची? जिममध्ये विकली जाणारी सोया प्रोटीनची पावडरही याच कारणासाठी नको. अंगाच्या आगीचा त्रास असह्य असेल तर त्यावर हार्मोनविरहित औषधे आहेत. ती त्यांच्या कर्करोगतज्ज्ञांकडून घ्यावीत.

आपल्या बहिणीने भीतीपोटी सोया दूध आणि वड्या दोन्ही एकदम बंद केल्या असतील, तर त्यांच्या जागी प्रथिनांचे दुसरे काय आले, हेही त्यांना विचारा. लेट्रोझोलने हाडांची घनता कमी होते, आणि या औषधावर असताना प्रथिने व कॅल्शियम तुटणे हा सोयापेक्षा कितीतरी खरा धोका आहे. त्यांना गाई-म्हशीचे दूध पचत असेल तर दही, ताक, पनीर हे सोपे मार्ग आहेत. सोया दूधच घ्यायचे असेल तर ते कॅल्शियम घातलेले, शक्यतो बिनसाखरेचे निवडावे आणि पाकीट दरवेळी नीट हलवून घ्यावे, कारण वरून घातलेले कॅल्शियम तळाशी बसते. घरी केलेल्या सोया दुधात कॅल्शियम गाईच्या दुधाच्या पाव हिश्श्याइतकेही भरत नाही. पुढच्या भेटीत आपण किती सोया घेतो हे त्यांनी तज्ज्ञांना पेल्यांत आणि वाट्यांत सांगावे, आणि हाडांची डेक्सा तपासणी शेवटची केव्हा झाली होती, हेही विचारून यावे.